पिव्होट रँडम घेतला, तरी कोड अडकतोच

"मुलाखतीची तयारी करतेय. k-वा मोठा घटक शोधायला क्विकसिलेक्ट लिहिलं. जिथे तिथे O(n) लिहिलेलं असतं, पण माझा कोड मोठ्या इनपुटवर वेळमर्यादा ओलांडतो. पिव्होट रँडम केला तर एक टेस्ट सुटली, दुसरी अडकलीच. माझं लॉजिकच कच्चं आहे का?"

लॉजिक बरोबर आहे. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या कोडमध्ये शेवटचा घटक पिव्होट आहे, म्हणजे बाकीच्या घटकांची तुलना त्याच्याशी होते. पिव्होटपेक्षा लहान घटक डावीकडे जातात, पिव्होट आपल्या जागी बसतो आणि ती जागा n-k आहे का हे तपासलं जातं, कारण n घटक चढत्या क्रमाने लावले तर k-वा मोठा घटक तिथेच येतो. नसेल तर ज्या बाजूला n-k येते तेवढीच बाजू पुढे चालते. यात काहीच चुकलेलं नाही. अडचण एवढीच, की दर फेरीत किती घटक गळतात हे पिव्होटच्या हातात आहे.

छोटं उदाहरण हाताने चालवून बघा. १ ते ८ हे आकडे चढत्या क्रमाने आहेत आणि k = ४ आहे, म्हणजे हवी ती जागा ४ (मोजणी शून्यापासून). पिव्होट ८ घेतला, ७ तुलना झाल्या आणि गळला फक्त ८. मग ७ पिव्होट, ६ तुलना, गळला फक्त ७. असं करत ५ पर्यंत यायला ७+६+५+४ म्हणजे २२ तुलना लागतात. हेच १,००,००० घटकांवर k = ५०,००० घेऊन केलं, तर तुलना होतात सुमारे 3n²/8, म्हणजे ३७५ कोटी. गंमत अशी, की याच ॲरेवर k = १ दिलं तर पहिल्याच फेरीत उत्तर मिळतं. म्हणून घरी लहान k देऊन केलेल्या चाचण्यांत हा दोष दिसलाच नाही.

आता सरासरी कुठून येते ते पाहू. घटक वेगवेगळे असतील आणि पिव्होट रँडम निवडला, तर निम्म्या वेळा तो क्रमाने मधल्या निम्म्या भागातला असतो. तसा तो आला की उरलेला भाग फार तर तीन-चतुर्थांश राहतो. असा पिव्होट मिळायला सरासरी दोन फेऱ्या लागतात, म्हणून एकूण काम 2n(1 + 3/4 + 9/16 + …) म्हणजे 8n च्या आत राहतं. नेमका हिशेब केला तर मधला घटक शोधायला सुमारे 3.4n तुलना पडतात. एक लाख घटकांना ३.४ लाख! एकीकडे ३७५ कोटी, दुसरीकडे ३.४ लाख, आणि कोड जवळजवळ तोच.

इथे एक प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत: सरासरी कशाची? पिव्होट ठरावीक जागेवरून घेतला, तर सरासरी इनपुटच्या सगळ्या शक्य क्रमांवर काढलेली असते. टेस्ट लिहिणारा नेमका वाईट क्रम देतो, तेव्हा ती सरासरी तुमच्या कामाची नाही. पिव्होट रँडम असेल, तर सरासरी तुमच्याच नाण्याच्या फेकींवर असते आणि इनपुटचा क्रम कसाही असला तरी ती टिकते. वाईटात वाईट O(n²) तेव्हाही शक्य असतं, पण त्यासाठी सतत वाईटच पिव्होट यावे लागतात आणि मोठ्या ॲरेवर तसं जवळजवळ घडत नाही.

मग दुसरी टेस्ट का अडकली? वर एक अट आली: घटक वेगवेगळे असतील तर. त्या टेस्टमध्ये बहुतेक सगळे आकडे सारखे आहेत. तुमच्या पार्टिशनमध्ये `<` आहे, त्यामुळे पिव्होटपेक्षा लहान कोणीच सापडत नाही, तो डाव्या टोकाला बसतो आणि पुन्हा एकच घटक गळतो. `<=` केलंत तर तो उजव्या टोकाला जाईल, एवढाच फरक. सगळेच सारखे असताना कुठलाही पिव्होट निवडा, रँडमचा उपयोग शून्य.

उपाय आहे तीन भागांत वाटणी: लहान, समान, मोठे. खालचा तुकडा बाहेरच्या लूपमध्ये दर फेरीला चालतो; `lo` आणि `hi` ही उरलेल्या भागाची दोन टोकं.

```python
p = a[random.randint(lo, hi)]
lt, i, gt = lo, lo, hi
while i <= gt:
    if a[i] < p:
        a[lt], a[i] = a[i], a[lt]
        lt += 1; i += 1
    elif a[i] > p:
        a[i], a[gt] = a[gt], a[i]
        gt -= 1
    else:
        i += 1
```

n-k ही जागा `lt` आणि `gt` यांच्या दरम्यान आली, तर उत्तर `p`. ती `lt` च्या डावीकडे असेल तर `hi = lt - 1`, उजवीकडे असेल तर `lo = gt + 1`. सगळे घटक सारखे असले तर एकाच फेरीत काम संपतं. उजवीकडून अदलाबदल केल्यावर `i` मुद्दाम पुढे नेलेला नाही, कारण तिकडून आलेला घटक अजून तपासलेला नसतो. घाईत तिथे `i += 1` लिहिलं जातं आणि उत्तर गुपचूप चुकतं.

खात्री करायची तर बाहेरच्या लूपमध्ये फेऱ्या मोजा. एक लाख घटकांवर त्या साधारण दोन-तीन डझनांत संपायला हव्यात. आकडा हजारांत गेला, तर पिव्होट खरंच रँडम निवडला जातोय का आणि समान घटक एकत्र गळतायत का, हे दोनच ठिकाणी पाहा.