टंगस्टन, टायटॅनियम की कोबाल्ट: बोट सुजलं तर अंगठी निघते का?

प्रश्न: लग्नासाठी पुरुषाची अंगठी टंगस्टन, टायटॅनियम की कोबाल्टची घ्यावी? पुढे ती मोठी करून मिळत नाही आणि अडकली तर कापताही येत नाही म्हणतात. खरं का?

उत्तर: मोठी करण्याबाबत बरंचसं खरं आहे. काढता मात्र तिन्ही येतात, फक्त प्रत्येकीची रीत वेगळी.

सोन्याची अंगठी सोनार कापतो, मध्ये तुकडा घालून डाख देतो. टंगस्टनच्या अंगठीत हे होत नाही, कारण ती शुद्ध धातूची नसतेच. टंगस्टन कार्बाइडची पूड निकेलसारख्या धातूबरोबर दाबून भट्टीत भाजलेली असते. ती ताणली जात नाही, जोर वाढला की तडकते. टायटॅनियम तापवलं की हवेतला ऑक्सिजन धरतं, त्यामुळे साधा डाख बसत नाही. आतून खरवडून मात्र ती थोडी मोठी होते. अमेरिकी मापात अर्धा नंबर म्हणजे व्यासात सुमारे ०.४ मिमी, म्हणजे २ मिमी जाडीची अंगठी १.८ मिमी उरते. एवढं चालतं, दोन नंबर वाढवायचे तर नवीच घ्यावी. कोबाल्ट-क्रोमही कठीण, त्यामुळे माप बदलण्याच्या भरवशावर तीही घेऊ नये.

आता अडकलेल्या अंगठीचं. हाताने फिरवायच्या कटरचं पातं टंगस्टनवर नुसतं घसरतं. तिथे लॉकिंग पक्कड लागते. जबडे अंगठीच्या बाहेरच्या मापाला जेमतेम टेकतील असे लावा, पक्कड उघडा, मागचा स्क्रू पाव फेरा आवळा, पुन्हा दाबा. तडकल्याचा आवाज येईपर्यंत असंच पाव-पाव फेरा वाढवत जा, मग जागा बदलून दुसरीकडे दाबा. अंगठी वाकण्याआधीच तडकत असल्याने बोट चेंगरत नाही. तुकडे धारदार असतात; डोळ्यांवर चष्मा हवा आणि वर फडकं.

हाच प्रयोग टायटॅनियम किंवा कोबाल्टवर कधीही करू नका. त्या तडकत नाहीत, चेपतात आणि बोट आत आवळलं जातं. त्यांना हिऱ्याच्या किंवा कार्बाइडच्या पात्याचा विजेवरचा कटर लागतो. पात्याखाली बोटावर धातूची पट्टी सरकवतात आणि सतत पाणी सोडतात, नाहीतर अंगठी तापून कातडी भाजते. एका कापाने ती फाकतेच असं नाही, बहुधा समोरच्या बाजूलाही दुसरा काप घ्यावा लागतो. हे काम दवाखान्यातच करून घ्यावं.

म्हणून धातू कोणता हे आधी कळायला हवं. आतला शिक्का पाहा. तो पुसला असेल तर वजन सांगतं: त्याच मापाची टंगस्टनची अंगठी टायटॅनियमपेक्षा तिपटीहून जड, कोबाल्टची साधारण दुप्पट. शंका असेल तर पक्कड लावू नका. बोट निळं किंवा बधिर पडलं असेल तर घरी काहीच न करता थेट तातडीच्या विभागात जा आणि धातूचं नाव दारातच सांगा.

मला विचाराल तर बोटं सुजणाऱ्याने, किंवा वजन कमी-जास्त होणाऱ्याने, सोनंच घ्यावं. हलकी अंगठी हवी असेल तर टायटॅनियम, पण आत खरवडायला जागा राहील इतकी जाड.