‘काही नाही, बरं आहे’ या उत्तरानंतर

‘माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे सहकारी दोन महिन्यांपासून अगदी गप्प झाले आहेत. एकदा विचारलं तर म्हणाले, “काही नाही, बरं आहे.” पुन्हा विचारलं तर त्यांच्या खासगी गोष्टीत नाक खुपसल्यासारखं होईल, आणि माझ्याकडून काही चुकीचं बोललं गेलं तर त्यांना अजून त्रास होईल, अशी भीती वाटते. काय करू?’

दहा ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आसपास असे प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतात. तुम्हाला उत्तर म्हणून दादरच्या माझ्या समुपदेशन केंद्रातला एक अनुभव सांगते. त्यातल्या दोघांचीही परवानगी घेतली आहे, आणि नावे व ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रकाश माझ्याकडे आले ते स्वतःसाठी नव्हे. फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेब विभागात नऊ वर्षे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सावंतांविषयी त्यांना बोलायचे होते. त्यांनीही एकदा विचारून पाहिले होते, पण ते चहाच्या वेळी, चार जणांसमोर: “काय सावंत, तोंड का पडलंय? घरी भांडण झालं का?” सगळे हसले, सावंतही हसले आणि “काही नाही, बरं आहे” म्हणाले. नंतर प्रकाशनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सगळं ठीक ना?’ असे विचारले, त्यावर अंगठा आला. प्रकाशना वाटले की सावंतांना बोलायचेच नाही. मला तसे वाटले नाही. चार माणसांसमोर विचारलेल्या प्रश्नाला माणूस चार माणसांपुरतेच उत्तर देतो, आणि ‘ठीक ना?’ या प्रश्नात ‘ठीक’ हे उत्तर आधीच भरून दिलेले असते.

म्हणून मी त्यांना आधी एकच काम सांगितले. सावंतांच्या वागण्यात नेमके काय बदलले आणि कधीपासून, ते आठवायचे, आणि त्यांची तुलना इतरांशी न करता पूर्वीच्या सावंतांशीच करायची. हे महत्त्वाचे आहे, कारण काही माणसे स्वभावानेच अबोल असतात आणि त्यांचे अबोल असणे हे काळजीचे कारण नव्हे. काळजी बदलाची करायची, आणि तो बदल दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकला असेल तर तो गांभीर्याने घ्यायचा.

प्रकाशना बरेच आठवले. एक वाजता सगळ्यांबरोबर डबा उघडणारे सावंत आता अडीचला जागेवरच दोन घास खात आणि उरलेला डबा तसाच परत नेत. गाडीत शब्दकोडे सोडवण्याची वर्षानुवर्षांची सवय त्यांनी सोडली होती. ज्यांच्याकडून इतर लोक आपले आकडे तपासून घेत, त्यांच्याच बेरजा चुकू लागल्या होत्या. त्यांचे ईमेल पहाटे साडेतीन-चारला आलेले दिसत. आणि आदल्या आठवड्यात त्यांनी आपल्या कपाटातल्या फायलींची यादी करून प्रकाशच्या हाती दिली होती, “असू दे, कधी लागली तर,” असे म्हणून. ही शेवटची गोष्ट प्रकाशनी जाता जाता सांगितली होती, मी मात्र तिथेच थांबले. भूक मंदावणे, पहाटेची जाग, आवडीच्या गोष्टीतून उडालेले मन आणि एकाग्रता ढळणे ही सगळी नैराश्याची ओळखीची लक्षणे आहेत. यादी हाती देण्यामागे बदलीची तयारीही असू शकते, पण या बाकीच्या गोष्टींबरोबर ती आली की माणूस जीव देण्याच्या विचाराने आवराआवर करतो आहे का, हे विचारणे आवश्यक होते.

कसे विचारायचे याचा आम्ही चक्क सराव केला. जागा ठरवली ती कार्यालयापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतच्या चालण्याच्या वाटेची, कारण शेजारी-शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि मध्ये पडणारी शांतता जड होत नाही. वाक्य ठरवले ते डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीवरून. ‘तू उदास दिसतोस’ असे म्हटले की तो निष्कर्ष होतो आणि माणूस तो लगेच खोडून काढतो. प्रकाश प्रत्यक्षात असे म्हणाले: “सावंत, तीन आठवडे तू डबा तसाच परत नेतोयस, हे माझ्या लक्षात आलंय. मला काळजी वाटली म्हणून बोललो. सांगायलाच पाहिजे असं काही नाही.” त्यानंतर गप्प राहायचे, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, पण आपण होऊन ती पोकळी भरायची नाही, एवढे मी त्यांना बजावले होते.

सावंत म्हणाले, “पित्त वाढलंय रे.” प्रकाशना हे टाळणे वाटले असते, पण आमच्याकडे येणारी बरीच माणसे पहिल्यांदा पित्त, डोकेदुखी, पाठदुखी हेच सांगतात, कारण शरीराचे दुखणे सांगण्यात लाज वाटत नाही. म्हणून त्याच धाग्याने पुढे जायचे. प्रकाशनी विचारले, “मग झोप लागते का?” तेव्हा सावंत म्हणाले, “तीनला डोळे उघडतात. मग पंख्याकडे बघत पडून राहतो.” त्या दिवशी एवढेच झाले, आणि ते पुष्कळ होते. “उद्या सव्वासहाला बरोबरच निघू,” असे सांगून प्रकाशनी विषय तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सावंतांनी सांगितले की भावाच्या कर्जाला ते जामीन राहिले होते, भावाचे हप्ते थकले होते, वसुलीचे फोन आता त्यांना येत होते आणि घरी यातले काहीच माहीत नव्हते. इथे प्रकाशकडून चूक झाली. ते म्हणाले, “अरे, लोकांची यापेक्षा मोठी कर्जं असतात.” धीर देण्यासाठीच म्हणाले, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘तुझं दुःख लहान आहे’ असाच लागतो. पुढचे चार दिवस सावंत वेगळ्या वेळेला निघाले. प्रकाश माझ्याकडे आले तेव्हा आता सगळे बिघडले असेच त्यांना वाटत होते. तुमच्या मनातली भीतीही नेमकी हीच आहे, म्हणून पुढचे जरा नीट सांगते. त्यांनी जाऊन एवढेच म्हटले, “त्या दिवशी मी घाईनं बोललो. तुला कसं होत असेल ते मी ऐकलंच नाही.” अशा माफीनंतर माणूस बहुधा पुन्हा जवळ येतो. चुकीचा शब्द मागे घेता येतो. न विचारण्याने जे राहून जाते, त्याला मात्र अशी वाट नसते.

त्या संध्याकाळी बोलता बोलता सावंत म्हणाले, “या सगळ्यातून एकदाची सुटका व्हावी.” असे वाक्य आले की सरळ विचारायचे, हे आमचे ठरले होते. प्रकाशना ते सर्वांत कठीण वाटत होते, कारण विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल असा सार्वत्रिक समज आहे. या विषयावरचे संशोधन तसे सांगत नाही. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट अनेकांना सुटल्यासारखे वाटते. ‘तसलं काही मनात नाही ना?’ असा नकार पेरलेला प्रश्न मात्र टाळायचा. प्रकाशनी विचारले, “जीव द्यावा असं मनात येतं का?” सावंत बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, “येतं. पण मुलीची दहावी आहे.”

हो म्हटल्यावर पुढचा प्रश्न असतो तो काही ठरवले आहे का, हा. सावंतांनी काही ठरवलेले नव्हते. ठरवले असते, तर त्याच क्षणापासून त्यांना एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे लागले असते. तरीही प्रकाश ठाण्याला उतरले नाहीत, सावंतांबरोबर डोंबिवलीपर्यंत गेले. “हे कुणाला सांगू नकोस,” असे सावंत म्हणाले तेव्हा त्यांनी वचन दिले नाही. “ऑफिसात एक शब्द जाणार नाही, पण वहिनींना आज सांगायचं. तू सांग, मी शेजारी बसतो,” असे ते म्हणाले. जीवाचा प्रश्न असताना गुप्ततेची शपथ घेऊ नये, पण कुणाला आणि किती सांगायचे हे त्या माणसाला विचारूनच ठरवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार ओपीडी गाठली. शीवचे लोकमान्य टिळक, परळचे केईएम आणि मुंबई सेंट्रलचे नायर या रुग्णालयांत ही सोय आहे. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान करून औषध सुरू केले. इथून पुढचे काही आठवडे सोबत्याचे खरे काम असते आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात, तर मळमळ, सुस्ती असा त्रास पहिल्या काही दिवसांतच होतो. त्यामुळे ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारे पुष्कळ असतात. सावंतांनीही दहाव्या दिवशी तेच म्हटले. प्रकाशनी उपदेश न करता “डॉक्टरांना फोन करून विचारू” एवढेच सुचवले, आणि गोळ्या चालू राहिल्या. आधी झोप सुधारली, मन सुधारायला आणखी महिना गेला. कर्ज अजून फिटलेले नाही, पण बँकेशी बोलायला आता सावंतांच्या पत्नी बरोबर जातात.

तुमच्यापुरते सांगायचे तर शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या व्यक्तीबरोबर स्टेशनपर्यंत चालत जाणे तुम्हाला अवघड वाटत असेल, तर दुपारी कॅन्टीन रिकामे असताना चहाला बोलवा, किंवा ते ज्यांच्याशी मोकळे आहेत अशा एखाद्या सहकाऱ्याला, जे पाहिले तेवढेच सांगून, सोबत घ्या. तुमच्याकडून निदान, औषध किंवा कर्जाचा तोडगा कुणी अपेक्षित धरलेला नाही. तुम्ही स्वतः गोंधळलात तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मराठीतही मिळते, आणि दुसऱ्याची काळजी वाटते म्हणूनही तिथे विचारता येते.

आणि या वेळीही “काही नाही” हेच उत्तर आले, तर वाद घालू नका. “बरं. मी पुढच्या सोमवारी पुन्हा विचारीन, चालेल ना?” असे म्हणा, आणि सोमवारी खरोखरच विचारा.