दगड कठीण असला म्हणजे लेणं होतं असं नाही: वाचकांची प्रश्नोत्तरे

पारसिकच्या डोंगरात, तुर्भ्याला, सगळीकडे काळा पाषाण आहे. मग लेणी ठरावीक डोंगरांतच का कोरली? सगळ्यात कठीण दगड का नाही निवडला? (ऐरोली)

खडीला लागतो तो दगड आणि लेण्याला लागतो तो दगड, यांत फरक आहे. खडीचा दगड दाबाखाली चुरडता कामा नये, एवढं पुरे. तो आधीच फुटलेला असला तर उलट सोयीचं. लेण्याला मात्र सलग दगड हवा, कारण छताला आधार देणारं दुसरं काहीच नसतं.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीत लाव्हाचे थरांवर थर साचले. जाड, एकसंध थर थंड होताना आकसतो आणि त्यात उभे तडे जातात. त्यांना सांधे म्हणतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहा. शेजारीशेजारी उभे केलेले खांब वाटावेत असे ते बेसाल्टचे स्तंभ म्हणजे सांध्यांनी कापलेला अतिशय कठीण दगड. समजा, अशा दगडात अर्ध्या अर्ध्या मीटरवर सांधा आहे आणि तुम्ही सहा मीटर रुंदीचं दालन कोरलंत. मग छतात एका रांगेत बाराएक सुटे तुकडे नुसते अडकून राहतील. दगड कितीही टणक असो, पहिल्या काही पावसाळ्यांत सांध्यातली माती वाहून जाईल आणि तुकडे सुटतील.

याउलट काही थरांमध्ये लाव्हातल्या वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पांढरी-हिरवी खनिजं भरली. दाबाच्या चाचणीत हा ठिपक्यांचा दगड घट्ट काळ्या पाषाणापेक्षा कमी भरतो, पण त्यात सांधे फार कमी असतात. बोगदे खोदणारे अभियंतेही त्याला म्हणूनच पसंती देतात. लेणी कोरणाऱ्यांनीही हाच हिशेब केला: मजबुती थोडी कमी चालेल, पण दगड अखंड हवा. शिवाय छिन्नीला तो थोडा सोपाही जातो.

आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधीकधी तांबड्या मातीसारखा थर असतो. तो छताच्या पातळीवर आला तर पाणी झिरपून वरची लादी सुटते. कारागीर छतापासून सुरुवात करून खाली उतरत, त्यामुळे परांचीची गरज पडत नसे. पण खाली काय लागेल हे आधी कळत नसे. अर्धं दालन झाल्यावर भेग निघाली, तर ती पदरात घेऊनच पुढे जावं लागे.

घारापुरीची महेशमूर्ती इतकी रेखीव आणि कान्हेरीचं काम इतकं खडबडीत का? कारागीर कमी कुशल होते का? (घोडबंदर रोड, ठाणे)

काळ आणि संप्रदाय वेगळे आहेतच. पण दगडाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे कारागिराला बोल लावण्याआधी भिंत जवळून पाहा. घारापुरीत बेसाल्ट आहे. त्याचे स्फटिक बारीक असतात आणि एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे छिन्नीचा घाव जिथे मारावा तिथेच थांबतो. साडेपाच-सहा मीटर उंच मूर्तीच्या ओठाची कड त्यामुळेच धारदार निघते.

कान्हेरीचा बराच दगड ज्वालामुखी ब्रेशिया आहे, म्हणजे राख आणि दगडांचे टोकदार तुकडे यांचं घट्ट झालेलं मिश्रण. तुकडा कठीण, त्याभोवतीचा भराव मऊ. छिन्नी भरावात सरळ जाते, तुकड्याला लागली की घसरते किंवा तुकडाच उखडून काढते. नाकाच्या जागी असा तुकडा आला की नाक गेलं. म्हणून अशा दगडात मोठे आकार, खांब, ओटे, पाण्याच्या पोढी उत्तम होतात, पण बारीक काम कठीण जातं. जोगेश्वरी आणि मंडपेश्वर इथली झीजही याच जातीच्या दगडामुळे अधिक दिसते.

ठिपक्यांच्या बेसाल्टमध्येही अडचण असते, फक्त छोट्या प्रमाणात. मोहच्या काठिण्यमापावर दगडाची मुख्य खनिजं 6 च्या आसपास, पोकळीतलं कॅल्साइट 3 आणि झिओलाइट 3.5 ते 5. पोकळीत गारगोटीच्या जातीचं खनिज असेल तर ते 7 च्या आसपास. मऊ खनिज निसटून खड्डा पडतो, कठीण खनिज छिन्नीला दाद देत नाही. उपाय होता गिलावा: माती किंवा चुन्याचा थर देऊन खड्डे बुजवायचे आणि वर रंग. आज अनेक ठिकाणी दिसतो तो उघडा, खडबडीत दगड कारागिराला दाखवायचाच नव्हता.

मग काही लेण्यांत पापुद्रे का निघतात? पाऊसच कारण का? (कळवा)

नुसता पाऊस नाही. ओलं होणं आणि वाळणं, पुन्हा पुन्हा. पोकळ्यांमधली काही हिरवी द्रव्यं चिकणमातीच्या जातीची असतात. ती पाणी घेऊन फुगतात, वाळली की आकसतात आणि भोवतीचा दगड आतून उकलतात. खाडीजवळ त्यात मिठाची भर पडते. खारट ओल पृष्ठभागाजवळ वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि वरचा पापुद्रा ढकलतात.

झीज कुठून सुरू आहे हे तिच्या आकारावरून कळतं. वरून खाली ओघळ दिसत असेल तर डोक्यावरचा सांधा पाणी आणतोय, आणि उपाय डोंगरावर आहे: पाणी वळवणारी पन्हळ मोकळी करणं. जमिनीपासून वर ठरावीक उंचीपर्यंतच पट्टा खरवडलेला असेल तर ओल खालून चढतेय आणि बहुधा मीठही सोबत आहे. सगळीकडे सारखी पूड पडत असेल तर दोष दगडातच आहे. अशा भेगा साध्या सिमेंटने बुजवणं मात्र टाळावं. सिमेंटमधून विरघळणारे क्षार मिळतात, शिवाय सिमेंट दगडापेक्षा घट्ट असल्याने ओल बाजूच्या दगडातून बाहेर पडते आणि ठिगळाशेजारचाच दगड झिजतो.

कोकणातल्या जांभ्या दगडात लेणी होतात का? (दिवा)

होतात. गोव्यात हरवळ्याची लेणी जांभ्यातच आहेत. जांभा ओला असताना सहज कापला जातो आणि हवा लागून कठीण होतो. पण त्याची जाळी इतकी भोकांची असते की त्यावर बारीक नक्षी धरत नाही.

घरासाठी कोरीव दगडी तुळशी वृंदावन घ्यायचं आहे. दगड चांगला आहे हे कसं ओळखायचं? (नेरुळ)

तुम्हाला लेणी कोरणाऱ्यांपेक्षा एक सोय जास्त आहे: सदोष दगड नाकारता येतो. अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर बांधीव आहे. तिथे कारागीर खोट असलेला दगड बाजूला ठेवून दुसरा घेऊ शकत होता.

कोरायच्या आधीचा ठोकळा पाहायला मागा. लहान हातोडीने चारी बाजूंनी हलकेच ठोका. घट्ट दगड खणखणीत वाजतो, आत भेग असेल तर आवाज बद्द येतो. मग ठोकळ्यावर पाणी टाका आणि वाळताना पाहा. बाकी भाग कोरडा झाल्यावरही एखादी बारीक ओली रेघ उरली तर तिथे तडा आहे, मग तिथे काठ किंवा कोपरा येऊ देऊ नका.

त्याच दगडाच्या दोन कपच्या घरी आणा. एक बाजूला ठेवा. दुसरी रात्रभर पाण्यात आणि दिवसभर उन्हात, असं पाच-सहा दिवस करा. पाण्याच्या तळाशी चूर दिसला, कड बोटाने सुटली किंवा पहिल्या कपचीशी तुलना करताना नव्या रेषा उमटलेल्या दिसल्या, तर तो दगड अंगणात ठेवायचा नाही. पांढरे ठिपके असले म्हणून दगड वाईट नसतो, फक्त ते नक्षीच्या जागी नकोत. हिरवट, नखाने खरवडता येईल असे ठिपके जास्त असतील तर मात्र तो ठोकळा सोडा आणि दुसरा दाखवायला सांगा.