सपोर्टनंतर समाधान विचारावे की त्रास?

«सांगलीजवळ आमचे शेतीपंपांच्या ऑटो स्टार्टरचे सपोर्ट सेंटर आहे. कॉल संपल्यावर ग्राहकाला एकच प्रश्न विचारायची परवानगी मिळाली आहे. ‘तुम्ही समाधानी आहात का’ हा सी-सॅटचा प्रश्न ठेवू की ‘काम किती सोपे झाले’ हा सीईएसचा? सध्या सी-सॅट 90 च्या आसपास आहे, तरी फोन कमी होत नाहीत.»

फोनवरच्या मदतीसाठी सीईएस ठेवा. सी-सॅट पूर्णपणे काढून टाकू नका. तंत्रज्ञ प्रत्यक्ष शेतावर जातो त्या भेटीनंतर तोच विचारा. मी कुपवाड एमआयडीसीतल्या अशाच एका कंपनीच्या मदत कक्षाचे काम काही वर्षे पाहिले आहे. तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य आमच्याकडेही जसेच्या तसे बोलले जात असे, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

समाधानाचा प्रश्न ऐकल्यावर माणूस समोरच्या व्यक्तीला गुण देतो. पलूस किंवा तासगावकडचा शेतकरी तिसऱ्यांदा फोन करतो, कक्षातला मुलगा त्याला ‘काका’ म्हणून नीट ऐकून घेतो, अर्ध्या तासात मोटर सुरू होते आणि शेतकरी मनापासून 5 दाबतो. त्याचे उत्तर खरेच असते, कारण तो त्या मुलावर समाधानी असतो. मात्र आधीचे दोन फोन, मधे वाया गेलेली पाण्याची पाळी आणि विहिरीपर्यंतच्या खेपा त्या पाचात कुठेही उमटत नाहीत. आमच्याकडे एका महिन्यात अशी 240 उत्तरे आली. त्यांपैकी 211 जणांनी 4 किंवा 5 दाबले होते, म्हणजे सी-सॅट 88 टक्के. मग आम्ही त्याच 211 मोबाईल क्रमांकांची कॉल रजिस्टरशी गाठ घातली, तेव्हा त्यांतल्या 62 जणांनी त्याच तक्रारीसाठी सात दिवसांच्या आत पुन्हा फोन केल्याचे दिसले. तुम्ही नवा प्रश्न लावण्याआधी ही जुळणी अवश्य करा. समाधानी म्हणून मोजलेल्यांत परत फोन करणारे बरेच निघाले, तर तुमचा सी-सॅट चुकीचा नसून तो वेगळीच गोष्ट मोजत आहे, असे समजावे.

सीईएस मांडला गेला तो 2010 मध्ये, हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या मॅथ्यू डिक्सन, कॅरेन फ्रीमन आणि निकोलस टोमन यांच्या लेखातून. मूळ प्रश्न असा होता की, आपले काम करून घेण्यासाठी तुम्हाला स्वतःला किती प्रयास पडले, आणि त्यात 1 म्हणजे सर्वांत कमी तर 5 म्हणजे सर्वांत जास्त असे होते. पुढे 2013 मध्ये त्याचे विधान झाले: ‘माझी अडचण सोडवणे कंपनीने मला सोपे करून दिले.’ या विधानाशी ग्राहक किती सहमत आहे हे 1 ते 7 मध्ये सांगतो आणि त्यात 7 सर्वांत चांगले. म्हणजे मोजपट्टीची दिशाच उलटली. दुसऱ्या कुणाचा सीईएस समोर ठेवून तुमच्याशी तुलना केली जात असेल, तर तो कोणत्या पट्टीवर काढला आहे हे आधी विचारून घ्या.

मूळ इंग्रजीतला ‘एफर्ट’ म्हणजे प्रयास हा शब्द इतर भाषांत नेताना अर्थ बदलतो, आणि मराठीत तर तो बराच घसरतो. आम्ही पहिल्यांदा ‘तुम्हाला किती कष्ट पडले’ असे विचारले, तेव्हा कित्येकांनी शेतातल्या कष्टांबद्दलच उत्तर दिले. ‘कंपनीने सोपे करून दिले या विधानाशी आपण सहमत आहात का’ हे वाक्य यंत्राच्या आवाजात ऐकून लोक गोंधळले आणि फोन ठेवू लागले. शेवटी टिकला तो हा प्रश्न: ‘स्टार्टरची अडचण सोडवून घेणे तुम्हाला सोपे गेले की अवघड?’ त्याला सोपे आणि अवघड अशी दोन्ही टोके आहेत, त्यामुळे उत्तर कोणत्याही बाजूला ढकलले जात नाही.

आकड्यांची दिशा हा आमच्याकडचा खास सापळा आहे. पहिल्या खेपेला आम्ही 7 सर्वांत चांगले ठेवले होते आणि 1 दाबणाऱ्यांची संख्या अनपेक्षितपणे मोठी आली. त्यांतल्या पुन्हा फोन न केलेल्या वीस जणांना आम्ही उलट फोन केला, तर बहुतेकांचे उत्तर होते, ‘काम एक नंबर झालं, म्हणून एक दाबला.’ आपल्या बोलण्यात एक नंबर म्हणजे उत्तम. त्या सवयीशी भांडण्याऐवजी आम्ही पट्टी पाच पायऱ्यांची केली आणि प्रत्येक आकड्याला शब्द दिला: 1 अगदी सोपे, 2 सोपे, 3 मध्यम, 4 अवघड, 5 फार अवघड. सरासरी काढत बसलो नाही. 1 आणि 2 दाबणाऱ्यांची टक्केवारी हाच आमचा सीईएस, आणि 4 व 5 दाबणाऱ्यांचे कॉल ऐकायचे, एवढाच नियम ठेवला.

प्रश्न कधी विचारायचा, यालाही तितकेच महत्त्व आहे. कॉल संपताच विचारले तर ग्राहकाला स्वतःलाच ठाऊक नसते की काम झाले की नाही. शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. दुपारी फोनवर सेटिंग बदलले तरी मोटर मोबाईलवरून सुरू होते का, हे पुढची पाळी आल्यावरच कळते. म्हणून आम्ही दोन दिवसांनी, सकाळी साडेनऊनंतर यंत्राचा कॉल लावू लागलो. सीईएस एका फोनचा नसतो, तो अडचण सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच्या सगळ्या खटाटोपाचा असतो, आणि चार फोन मिळून एक अडचण असेल तर प्रश्नही एकदाच जायला हवा.

या पद्धतीने पहिली 200 उत्तरे आली तेव्हा 118 जणांनी सोपे म्हटले होते, 28 जणांनी मध्यम, आणि 54 जणांनी अवघड. म्हणजे सीईएस 59 टक्के. त्याच काळात एकाआड एक ग्राहकाला आम्ही जुना समाधानाचा प्रश्न विचारत होतो, आणि तो 88 टक्क्यांवरच होता. त्या 54 जणांचे कॉल ऐकायला मला आणि एका सहकाऱ्याला तीन दुपारी लागल्या. त्यांतले 31 एकाच कारणाचे निघाले. स्टार्टरमध्ये दुसरा मोबाईल क्रमांक जोडायचा असेल, तर आधी नोंदवलेल्या क्रमांकावरूनच एसएमएस जावा लागे, आणि विक्रीच्या वेळी दुकानदाराने बहुतेकदा मुलाचा क्रमांक नोंदवलेला असे. मुलगा पुण्याला नोकरीला आणि वडील विहिरीवर. मग वडिलांनी आम्हाला फोन करायचा, आम्ही मुलाला करायला सांगायचे, मुलगा कामातून सुटल्यावर एसएमएस करणार, तोवर वीज गेलेली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. प्रत्येक फोनवरचा मुलगा सौजन्याने बोललेला होता, आणि म्हणूनच समाधानाच्या आकड्यात हे कधी दिसले नाही.

उपाय कक्षाच्या हातातला नव्हता. विक्रीच्या अर्जावर दोन क्रमांक सक्तीचे करावे लागले, आणि जुन्या ग्राहकांसाठी बिल क्रमांक व मालकाचे नाव पडताळून आमच्याकडूनच क्रमांक जोडण्याची सोय करावी लागली. चार महिन्यांनी पुन्हा 200 उत्तरे घेतली, त्यात 142 जणांनी सोपे म्हटले, म्हणजे 71 टक्के. सी-सॅट 88 वरून 89 झाला. दोनशे उत्तरांवर काढलेली अशी टक्केवारी निव्वळ योगायोगाने सहा-सात अंकांनी इकडे-तिकडे होऊ शकते आणि दोन मोजण्यांतला फरक नऊ-दहा अंकांचा होईपर्यंत त्यावर विसंबू नये. त्यामुळे 59 चे 71 ही खरी सुधारणा मानता आली, तर 88 चे 89 याला काहीच अर्थ नव्हता. सात दिवसांत परत येणारे फोनही त्या काळात कमी झाले, आणि मला सर्वांत जास्त भरवसा त्याच आकड्यावर वाटला.

सीईएस जिथे फसतो ती जागाही सांगायला हवी. वीज पडून बोर्ड जळला आणि वॉरंटीत बसत नाही असे उत्तर द्यावे लागले, तर तो संवाद फार सोपा असतो: एक फोन, दोन मिनिटे, स्पष्ट नकार. काही ग्राहक प्रामाणिकपणे ‘सोपे गेले’ म्हणतात आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या कंपनीचा स्टार्टर घेतात, तर काही रागाने 5 दाबतात आणि त्यातून तुमच्या प्रक्रियेबद्दल काहीच कळत नाही. म्हणून नकाराचे कॉल वेगळे ठेवा आणि त्यांना समाधानाचा प्रश्न विचारा. तंत्रज्ञाच्या भेटीचेही तसेच आहे. तिथे ग्राहकाला करायचे फारसे काही उरत नाही, माणूस कसा वागला आणि काम टिकाऊ झाले का हेच महत्त्वाचे असते, आणि ते समाधानातच नीट उमटते.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. सीईएसचा आकडा कक्षातल्या मुलांच्या पगाराशी किंवा बक्षिसाशी जोडू नका. आमच्या 54 अवघड उत्तरांपैकी बहुतेकांचे मूळ अर्जाच्या नमुन्यात, दुकानदाराच्या सवयीत आणि यंत्राच्या रचनेत होते. ते मुलांच्या डोक्यावर टाकले असते, तर ‘काका, यंत्राचा फोन येईल, एक दाबा’ ही विनवणी दुसऱ्याच आठवड्यापासून सुरू झाली असती. ही विनवणी सुरू झाली आहे का हे ओळखता येते: रोजच्या कॉलमधले दहा-पंधरा ऐका, आणि सीईएस वर जात असताना परत येणाऱ्या फोनचे प्रमाण जागच्या जागी आहे का ते पाहा.

तुमच्या वरिष्ठांना माझ्या अनुभवापेक्षा तुमचेच आकडे लवकर पटतील. दोन महिने ग्राहकांचे क्रमांक सम आणि विषम असे विभागा, एका गटाला एक प्रश्न, दुसऱ्याला दुसरा, दोन्ही दोन दिवसांनी. प्रत्येक गटात किमान दोनशे उत्तरे जमली की कोणत्या प्रश्नाची वाईट उत्तरे देणारे लोक सात दिवसांत जास्त परत येतात, ते मोजा आणि तोच प्रश्न कायम ठेवा.