गळलेली, गाळलेली आणि भरलेली उत्तरं

प्रश्न: कुटुंबांच्या पाहणीचा मराठी अहवाल लिहितोय. कोऱ्या राहिलेल्या रकान्यांना 'गहाळ मूल्ये' म्हणायचं की 'गाळलेली उत्तरे'? तिथे अंदाजाने आकडा घालतात त्या इम्प्युटेशनला 'आरोपण' चालेल का? सहकारी म्हणतात, शब्दांचा एवढा काथ्याकूट कशाला, त्या ओळीच काढून टाका.

उत्तर: सहकाऱ्यांच्या सल्ल्यापासून सुरुवात करतो, कारण तो कधी चालतो आणि कधी घात करतो हे मराठीतल्या दोन क्रियापदांत नेमकं सापडतं: गळणे आणि गाळणे.

फॉर्म पावसात भिजले, किंवा संगणकावर चढवताना एक पान नजरेतून सुटलं, तर ती उत्तरं गळली. कोणाचं उत्तर गळलं याचा उत्तराशी काही संबंध नाही. अशा ओळी काढल्या तर माणसं कमी होतात, म्हणून अंदाज थोडा सैल होतो. पण सरासरी मुद्दाम एका बाजूला झुकत नाही. याउलट 'महिन्याचं उत्पन्न किती?' यावर कोणी 'ते राहू द्या' म्हणतं, तेव्हा उत्तर गाळलेलं असतं. आणि गाळण्यामागे बहुधा कारण असतं.

समजा, तुमच्याकडे १०० कुटुंबं आहेत: ६० नोकरदार, ४० दुकानदार. खरं सरासरी उत्पन्न नोकरदारांचं ३० हजार आणि दुकानदारांचं ५० हजार, म्हणजे सगळ्यांचं मिळून ३८ हजार. नोकरदारांपैकी ५४ जणांनी आकडा सांगितला, दुकानदारांपैकी फक्त १६ जणांनी. सांगणाऱ्यांची सरासरी आपापल्या गटाइतकीच आहे असं धरू. आता ३० कोऱ्या ओळी काढून टाका. उरलेल्या ७० जणांची सरासरी येते सुमारे ३४,६००. कोणी खोटं बोललं नाही, बेरीज चुकली नाही, तरी जवळपास साडेतीन हजारांना कात्री लागली, कारण दुकानदार ४० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात: ३० रकान्यांत तीच ३४,६०० ची सरासरी भरतात. हा उपाय मला ओळी काढण्यापेक्षा वाईट वाटतो. सरासरी तिथेच राहते, म्हणजे झुकाव जसाच्या तसा. वर ३० घरांचं उत्पन्न हुबेहूब सारखं झाल्याने आकड्यांचा पसारा आक्रसतो. शिवाय संगणकाला वाटतं की १०० जणांनी उत्तरं दिली. म्हणून सरासरीसोबत छापली जाणारी, ती किती इकडेतिकडे असू शकते हे सांगणारी प्रमाणित त्रुटी, ७० जणांवरून आली असती त्याहून सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसते. चुकीचा आकडा आता जास्त ठाम आवाजात बोलतो.

प्रत्येक कोऱ्या रकान्यात त्या त्या गटाची सरासरी भरली तर मात्र एकूण सरासरी बरोबर ३८ हजार येते. न सांगण्याचं कारण इथे 'धंदा' या शेजारच्या रकान्यात होतं, म्हणून ते भरून काढता आलं. (पसारा आक्रसण्याचा दोष याही रीतीत उरतोच.) पण समजा, दुकानदारांतही मोठ्या गल्ल्याच्या मंडळींनीच तोंड बंद ठेवलं आणि सांगणाऱ्या दुकानदारांची सरासरी ५० हजार असली तरी सगळ्या ४० दुकानदारांची खरी सरासरी ६० हजार आहे. मग खरं उत्तर ४२ हजार आणि आपण पुन्हा ३८ वरच. इथे गाळण्याचं कारण गाळलेल्या आकड्यातच दडलेलं आहे, आणि तक्त्यातला दुसरा कुठलाही रकाना ते उघड करत नाही. गळलेलं, शेजारच्या रकान्यावरून कळणारं आणि स्वतःतच दडलेलं, ही त्रिविध वाटणी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडली. पहिला प्रकार आहे की नाही हे बऱ्यापैकी तपासता येतं: उत्तर देणारे आणि न देणारे यांचे धंदा, शिक्षण, वॉर्ड असे इतर रकाने ताडून पाहायचे. फरक दिसला तर 'गळलं' म्हणता येत नाही. दुसरा आणि तिसरा यांत फरक करणं तक्त्याच्या आतून अशक्य आहे. त्यासाठी काही घरांत पुन्हा जावं लागतं किंवा बाहेरची माहिती लागते.

आता शब्द. 'गहाळ' नको. गहाळ फाइल कधीतरी हातात होती. नकार दिलेलं उत्तर कधीच नव्हतं. 'गाळलेली' हे सगळ्यांना लावलं तर पावसात भिजलेल्या फॉर्मवर अन्याय. सर्वसमावेशक शब्द म्हणून 'न मिळालेली नोंद' बरा, आणि कारण ठाऊक असेल तिथे गळलेली, गाळलेली असं खुशाल लिहा. दोन गोष्टी मात्र या शब्दाबाहेर ठेवा. विधवेच्या फॉर्मवर 'पतीचा व्यवसाय' कोरा असेल तर ते 'लागू नाही', तिथे भरण्यासारखं काही नाहीच. आणि सरकारी नमुन्यांतलं आपलं 'निरंक' म्हणजे शून्य, ते मिळालेलं उत्तर आहे. कोऱ्या जागी सवयीने ० टंकणारे ऑपरेटर आणि 'माहीत नाही'साठी ठेवलेला ९९ हा संकेत वयाच्या सरासरीत मिसळणारे विश्लेषक, दोघेही हाच भेद पुसतात. कमाल आणि किमान आकडे आधी पाहिले तर हे लगेच दिसतं.

'आरोपण' व्याकरणाने ठीक आहे, वृक्षारोपणात ते नांदतंही. पण वाचकाला आधी 'आरोप' ऐकू येतो. 'अध्यारोप' सुचवाल तर वेदान्तात तो दोरीवर दिसलेल्या सापासाठी राखीव आहे, म्हणजे मुळातच खोटा. शाळेतलं 'गाळलेल्या जागा भरा' सगळ्यांत ओळखीचं, पण तिथे एकच बरोबर उत्तर असतं आणि ते पेपर काढणाऱ्याला ठाऊक असतं. मी 'अनुमानाने भरलेली नोंद' लिहीन. लांब आहे, पण प्रामाणिक आहे.

नाव काय द्यायचं यावर संसदेतली जागाही जाऊ शकते, याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या २००० च्या जनगणनेत ज्या घरांची माहिती शेवटपर्यंत मिळाली नाही, त्यांच्या जागी जवळच्या तशाच घराची माहिती घेण्यात आली. या रीतीला हॉट-डेक म्हणतात. त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाची लोकसंख्या ०.४ टक्क्यांनी वाढली, युटाची ०.२ टक्क्यांनी, आणि प्रतिनिधिगृहातली एक जागा युटाऐवजी नॉर्थ कॅरोलायनाला गेली. जागावाटपासाठी नमुना पद्धत वापरायला कायद्याने मनाई होती, तेव्हा युटाचा युक्तिवाद असा की हा नमुनाच. २००२ मध्ये 'युटा विरुद्ध इव्हान्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही: नमुन्यात थोड्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा हेतू आधीपासून असतो, इथे सगळ्यांना मोजायला निघून राहिलेल्या फटी भरल्या.

तुमच्या अहवालासाठी, उत्पन्नाशेजारी एक वेगळा रकाना ठेवा: 'सांगितलेलं' की 'अनुमानाने भरलेलं'. भरताना गटाची एकच सरासरी चिकटवण्यापेक्षा त्याच गटातल्या उत्तर देणाऱ्या एखाद्या घराचा आकडा चिठ्ठी टाकून घ्या, आणि हे सगळं निदान पाच वेळा स्वतंत्रपणे करा. पाच तक्त्यांच्या पाच सरासऱ्या एकमेकींपासून जेवढ्या दूर, तेवढी अनिश्चितता भरण्यामुळे आली. ती प्रमाणित त्रुटीत मिळवायची. आणि तळटीप अशी: '१०० पैकी ३० कुटुंबांचं उत्पन्न व्यवसायगटानुसार अनुमानाने भरलं आहे. उत्पन्न न सांगणारे दुकानदार सांगणाऱ्यांहून सधन असतील, तर खरी सरासरी याहून जास्त असेल.'