कुलपापाशीच लघवी निसटते तेव्हा

"दाराला किल्ली लावली की लघवीची अशी घाई होते की बाथरूम गाठण्याआधीच कपडे ओले होतात. खोकताना किंवा हसताना मात्र काही होत नाही. बाहेर जायचं असलं की मी सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि निघण्याआधी दोनदा जाऊन येते. वय ५२ आहे. आता हे असंच राहणार का?"

हा प्रश्न विचारणाऱ्या ताई नागपुरातल्या एका शाळेत शिकवतात. त्यांना डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवले, तेव्हा लघवीची तपासणी आणि रक्तातील साखर या दोन्ही गोष्टी झालेल्या होत्या, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात फारशी लघवी उरत नाही हे सोनोग्राफीत दिसले होते. हे आधी पाहावेच लागते, कारण जंतुसंसर्ग किंवा मधुमेह यांमुळेही अशीच घाई होऊ शकते. लघवीत रक्त दिसत असेल, जळजळ किंवा ताप असेल, अथवा पायांत नव्याने अशक्तपणा आला असेल, तर मूत्राशयाच्या प्रशिक्षणाचा विचारही नंतर करावा.

मी त्यांना तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली: किती वाजता लघवीला गेल्या, मापाच्या भांड्यात ती किती भरली, काय आणि किती प्यायल्या, आणि गळती झाली तेव्हा काय चालले होते. भांड्याचे नाव काढताच त्या संकोचल्या, पण निदानाची किल्ली त्यातच होती. दिवसभरात त्या तेरा-चौदा वेळा जात होत्या आणि बहुतेक वेळा लघवी १०० मिलीच्या आसपासच भरत होती. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मात्र ३५० मिली होती. म्हणजे मूत्राशय लहान झालेले नव्हते. झोपेत जे मूत्राशय ३५० मिली सांभाळते, तेच दिवसा १०० मिलीला 'भरले' असा इशारा देत होते. मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू वेळेआधीच आकुंचन पावतो, त्यालाच अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. खोकताना गळत नाही, ही ताईंची नोंदही याच निदानाकडे बोट दाखवणारी होती.

'निघण्याआधी जाऊन येऊ' ही सवय वर्षानुवर्षे चालली की मूत्राशयाला कमी लघवीवरच रिकामे होण्याची खोड लागते. पाणी तोडल्याने लघवी घट्ट होते, ती मूत्राशयाला अधिक चेतवू शकते. शिवाय बद्धकोष्ठतेने भर पडते, आणि नागपूरच्या मे महिन्यात पाणी तोडणे तर उघड धोक्याचे. ताईंना मी दिवसभर थोडे थोडे पाणी प्यायला सांगितले आणि पाच कप चहा हळूहळू दोनवर आणायला लावला. चहावरून वाटाघाटी बऱ्याच झाल्या.

नोंदीनुसार त्या साधारण तासाभराने जात होत्या, म्हणून पहिला आठवडा घड्याळ लावून दर तासाला जायचे, घाई असो वा नसो, असे ठरले. पुढे दर आठवड्याला १५ मिनिटे वाढवायची आणि अडीच ते तीन तासांपर्यंत पोहोचायचे. एखादे अंतर बहुतेक दिवस जमले नाही तर त्याच अंतरावर आणखी एक आठवडा थांबायचे. रात्री घड्याळ लावायचे नाही.

खरे कठीण होते ते दार. घाई लाटेसारखी येते, शिगेला पोहोचते आणि ओसरते. ताई नेमक्या शिगेवर असताना धावत, आणि धावण्याने, पोट आवळण्याने दाब वाढून गळती होई. म्हणून घाई येताच जिन्यात कठड्याला धरून स्थिर उभे राहायचे, श्वास न रोखता लघवी अडवणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळून सोडायचे, मनात शंभरापासून उलटे आकडे मोजायचे आणि लाट उतरल्यावरच कुलूप उघडायचे. सुरुवातीला त्या नितंब आणि मांड्या आवळत होत्या. हे लक्षात आल्यावर फिजिओथेरपिस्टकडून योग्य स्नायू ओळखून घेतले, तेव्हा फरक पडू लागला. घरात आल्यावर तडक बाथरूमकडे न जाता आधी दोन मिनिटे खुर्चीत बसायचे, हा नियम त्यांनी स्वतःच जोडला, आणि तो मला फार पटला, कारण दार आणि लघवी यांची जोडलेली गाठ त्यानेच सैल होते.

दुसऱ्या महिन्याअखेरीस अंतर दोन तासांवर आले आणि गळती आठवड्यातून एखाद्या वेळेपुरती उरली. एवढ्याने भागले नसते तर डॉक्टरांनी औषध सुचवले असते. त्यांतल्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते व बद्धकोष्ठता होते, तर काहींनी रक्तदाब वाढू शकतो, त्यामुळे ती मनाने घेऊ नयेत. डिसेंबरच्या थंडीत घाम कमी येतो, लघवी जास्त होते, आणि ताईंचे अंतर पुन्हा घसरले. तेव्हा त्या दीड तासावर परतल्या आणि तिथून पुन्हा १५-१५ मिनिटे वाढवू लागल्या.