रिले टक् वाजला की बोर्ड रीसेट का होतो?

प्रश्न: ड्रिपसाठी ईएसपी३२ वर स्वतःच सर्किट केलंय. बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि ५ व्होल्टचे चार रिले. एक मोटारीच्या स्टार्टरला, तीन व्हॉल्व्हला. सगळं एकाच मोबाइल चार्जरवर. रिले टक् वाजला की बोर्ड मधूनच रीसेट होतो. घरी टेबलावर नीट चालतं, शेतात नेलं की त्रास. प्रोग्राममध्ये चूक आहे का?

उत्तर:

प्रोग्राम तूर्त बाजूला ठेवा. आधी एवढंच बघा, की बोर्ड रिले ओढताना रीसेट होतो की सोडताना. सगळा तपास या एका गोष्टीवरून पुढे जातो. ओढताना होत असेल तर सप्लाय कमी पडतोय. सोडताना होत असेल तर कॉइलचा उलटा झटका बसतोय, नाहीतर रिलेच्या कॉन्टॅक्टला जोडलेल्या लोडची ठिणगी त्रास देतेय. तुमचं घरी चालतं आणि शेतात चालत नाही, म्हणजे लोडचा वाटा नक्की आहे. पण चार रिले, वाय-फाय आणि एकच चार्जर असं असेल तर सप्लायही सुटत नाही. दोन्ही दुरुस्त करावं लागेल असं धरून चला.

रीसेटचं कारण बोर्ड स्वतःच सांगतो. लॅपटॉप जोडून सीरियल मॉनिटरवर `Brownout detector was triggered` अशी ओळ दिसली तर व्होल्टेज पडल्याचं ते सरळ प्रमाणपत्र आहे. अडचण अशी, की यूएसबी लावली की बोर्डाला लॅपटॉपचा सप्लाय मिळायला लागतो आणि दोष पळून जातो. त्यामुळे शेतात लॅपटॉपशिवाय कळेल अशी सोय करा. बऱ्याच बोर्डांवर पिन २ ला निळा एलईडी असतो, तो `setup()` च्या सुरुवातीलाच असा लुकलुकवा:

```cpp
pinMode(2, OUTPUT);
int r = esp_reset_reason();
for (int i = 0; i < r; i++) {
  digitalWrite(2, HIGH); delay(400);
  digitalWrite(2, LOW);  delay(400);
}
```

नऊ वेळा लुकलुकला तर ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज पडलं. एकदाच लुकलुकला तर बोर्डाला वाटलं की नव्याने वीज आली. ईएसपी३२ च्या ईएन पिनवर बाहेरचा झटका आला तरी तो हेच कारण दाखवतो. चार ते सात वेळा लुकलुकला तर प्रोग्राम अडकला किंवा कोसळला. तसं फक्त रिलेच्या क्षणीच होत असेल तर तिथेही संशय झटक्यावरच घ्या. ब्राउनआउटची तपासणी प्रोग्राममधून बंद करण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिलेला असतो. तो मानू नका. व्होल्टेज पडायचं थांबत नाही, फक्त बोर्ड अर्धवट व्होल्टेजवर काहीबाही करत राहतो. मोटार चालवणाऱ्या पॅनलमध्ये ते धोक्याचं आहे.

आता कॉइलचं. ५ व्होल्टच्या त्या निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची असते, म्हणजे ती ७१ मिलिअँपिअर घेते. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइलमधला प्रवाह तत्काळ थांबायला तयार नसतो. भरधाव पाण्याच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की लाइनला जो दणका बसतो, तोच प्रकार इथे होतो. कॉइल आणि ट्रान्झिस्टर जिथे जुळतात तिथलं व्होल्टेज ५ वरून क्षणात कितीतरी पटीने चढतं. बीसी५४७ ची सहनशक्ती ४५ व्होल्टची आहे. त्याच्या वर गेलं की ट्रान्झिस्टर नाइलाजाने तो झटका स्वतःतून ग्राउंडमध्ये सोडतो. तो दणका ग्राउंडच्या वायरीतून आणि शेजारच्या वायरींमधून बोर्डापर्यंत पोचतो. असे दणके खात खात पुढे कधीतरी ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो, आणि मग रिले ओढलेलाच राहतो. मोटारीच्या रिलेवर हे झालं तर काय होईल ते तुम्हीच ओळखा.

उपाय एका डायोडचा आहे. दुकानात नुसतं ४००७ म्हटलं तरी मिळतो. काळ्या अंगावर एका टोकाला चंदेरी पट्टा असतो. तो पट्टा कॉइलच्या ५ व्होल्टच्या टोकाला आणि दुसरं टोक कॉइलच्या ट्रान्झिस्टरकडच्या टोकाला लावायचं. एरवी डायोड गप्प बसतो. ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइलमधला प्रवाह डायोडमधून परत कॉइलमध्येच फिरतो आणि विरतो, व्होल्टेज ५ च्या वर जेमतेम पाऊण-एक व्होल्ट जातं. पट्टा उलटा लागला तर रिले ओढायचा प्रयत्न करताच ५ व्होल्ट सरळ डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून शॉर्ट होतील, तेव्हा डाग देण्याआधी पुन्हा एकदा बघून घ्या. डायोड रिलेच्या पिनांवरच, शक्य तितक्या आखूड पायांनी लावा. बोर्डाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावला तर मधली वायर झटका पसरवत राहते. ४००७ हळू चालणारा डायोड आहे म्हणून इथे चालत नाही, असं कुणी म्हणेल. तो बंद व्हायला हळू आहे, चालू व्हायला नाही, आणि या कामाला चालू होण्याचाच वेग लागतो.

तुमच्याकडे तयार रिले मॉड्यूल असतं तर डायोड त्यावर आधीच असतो, आणखी लावून फरक पडत नाही.

सप्लायचं गणित मी एका पॅनलच्या आकड्यांवरून सांगतो. घनसावंगी तालुक्यात मोसंबीच्या बागेवर तुमच्यासारखंच पॅनल होतं: चार रिले, ईएसपी३२ आणि मोबाइल चार्जर. चार रिले एकदम ओढलेले असताना २८५ मिलिअँपिअर जातात. वाय-फाय पाठवताना ईएसपी३२ क्षणभर २४० पर्यंत घेतो. मिळून अर्ध्या अँपिअरच्या थोडं वर. चार्जर २ अँपिअरचा होता, म्हणजे कागदावर भरपूर. पण चार्जरपासून पॅनलपर्यंतच्या बारीक केबलीचा जाता-येता मिळून रोध एक ओहमच्या आसपास होता. अर्ध्या अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच गेला आणि बोर्डापाशी ४.५ उरले. बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला वर साधारण १.१ ते १.३ व्होल्टची जागा लागते, म्हणजे ४.५ हा काठच झाला. त्यात वाय-फाय आणि रिले एकाच क्षणी जुळले की बोर्ड पडायचा. न जुळले तर काही नाही. ‘कधी होतं, कधी नाही’ याचं कारण एवढंच होतं.

मल्टिमीटर इथे फसवतो. पडझड काही मिलिसेकंदांची असते, मीटर तेवढ्यात सरासरी दाखवून मोकळा होतो. त्यापेक्षा प्रोग्रामने चारही रिले एकदम ओढून तसेच धरून ठेवा आणि आधी चार्जरच्या टोकाला, मग ईएसपी३२ च्या ५ व्होल्ट पिनवर मोजा. दोन आकड्यांतला फरक हा तुमच्या वायरीचा दोष. तो ०.२ च्या वर असेल तर वायर बदला.

त्या पॅनलमध्ये मी रिलेंना स्वतंत्र चार्जर दिला. दुसऱ्या चार्जरचा धन फक्त रिलेंच्या कॉइलना. चारही ट्रान्झिस्टरचे एमिटर जाड वायरीने एकत्र करून थेट त्याच चार्जरच्या ऋणाला. मग या जोडापासून एकच वायर ईएसपी३२ च्या ग्राउंडला. ही वायर विसरली तर रिले ओढणारच नाही, कारण बेसचा प्रवाह परत यायला वाट राहत नाही. बेसला १ किलोओहम असेल तर एका ट्रान्झिस्टरला २.६ मिलिअँपिअर, चौघांना मिळून दहाच्या आसपास. म्हणजे त्या वायरीतून रिलेंचे २८५ न जाता फक्त दहा जातात, आणि ग्राउंड हलत नाही. याच कारणाने रिलेंचा ऋण ईएसपी३२ च्या ग्राउंड पिनवरून फिरवून नेऊ नका. दोन चार्जर लावूनही हीच वायरिंग चुकली तर फायदा होत नाही. ईएसपी३२ च्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडवर ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि शेजारी ०.१ चा सिरॅमिक लावा.

नव्याने करत असाल तर माझी पसंती १२ व्होल्टला आहे. १२ व्होल्टचा रिले जेमतेम ३० मिलिअँपिअर घेतो, आणि बक कन्व्हर्टरने १२ चे ५ करून ईएसपी३२ ला दिले की १२ चे ११ झाले तरी त्याला कळत नाही. शिवाय आपल्याकडे शेतीची लाइट पाळीपाळीने येते. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी बहुतेकांच्या घरी असते, तिच्यावर कंट्रोलर जागा राहतो.

डायोड आणि सप्लाय झाल्यावर रिलेच्या कॉन्टॅक्टवरून स्टार्टर आणि व्हॉल्व्हच्या वायरी काढून ठेवा आणि रिले वाजवून बघा. रीसेट थांबला आणि वायरी लावल्या की परत आला, तर आता दोष स्टार्टरच्या कॉन्टॅक्टर कॉइलचा. तीही कॉइलच आहे, फक्त मोठी आणि एसीवरची, म्हणून तिथे ४००७ लावायचा नाही. एसीत तो शॉर्टच होईल. २३० व्होल्टच्या कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहम, १ वॉटचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसी, एक्स-२ प्रकारचा कपॅसिटर, दोन्ही एकामागे एक असे लावा. हे कॉइलवरच लावा, रिलेच्या कॉन्टॅक्टवर नको. कॉन्टॅक्टवर लावलं तर रिले उघडा असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर गळतात आणि छोटा कॉन्टॅक्टर त्यावर गुणगुणत राहू शकतो. व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीचे असतील तर त्यांनाही अशीच जोडी लागते. डीसीचे असतील तर डायोड चालतो. पण बॅटरीवरचे लॅचिंग व्हॉल्व्ह उलट-सुलट पल्सवर चालतात, त्यांना डायोड लावू नका.

स्टार्टर उघडण्याआधी मेन बंद करा आणि कॉइलवर छापलेलं व्होल्टेज वाचा. बऱ्याच थ्री-फेज स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची, दोन फेजमध्ये जोडलेली असते. तुमच्या छोट्या रिलेचा कॉन्टॅक्ट २५० व्होल्टपर्यंतचाच आहे. कॉइल ४१५ ची निघाली तर मध्ये २३० कॉइलचा दुसरा कॉन्टॅक्टर घाला आणि ४१५ च्या वायरी त्याच्यावर घ्या. वरची १०० ओहम-कपॅसिटरची जोडी मग त्या मधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर.

पॅनलमध्ये २३० च्या वायरी एका बाजूने आणि ईएसपी३२ च्या वायरी दुसऱ्या बाजूने न्या. एकत्र बांधलेला गठ्ठा मी पुष्कळ पॅनलमध्ये पाहिलाय, आणि डायोड लावूनही न जाणारा रीसेट बहुतेक वेळा त्या गठ्ठ्यातच सापडतो. तरीही एकदाच लुकलुकणारा रीसेट उरला तर ईएन पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावा, आणि त्या पिनला काही वायर जोडलेली असेल तर काढून टाका.